वजन ९८ किलो, मग प्रोटीन किती? लीन मासवरून आकडा काढायची पद्धत

मागच्या वर्षी माझ्या मामेबहिणीचा, म्हणजे आमच्या ताईचा, रात्री साडेदहाला मेसेज आला. "अगं जिममधल्या पोरानं दिवसाला १९६ ग्रॅम प्रोटीन खायला सांगितलंय, हे माणसानं खायचं असतं का?" मी विचारलं १९६ कुठून आलं, तर उत्तर सरळ होतं, वजन ९८ किलो, गुणिले दोन. त्या पोराचा हेतू वाईट नव्हता, त्यानं जे शिकलं तेच सांगितलं. पण १९६ ग्रॅम म्हणजे साधारण ३२ अंडी, किंवा किलोभर पनीर आणि वर थोडं अजून. ताईनं दोन दिवस खरंच प्रयत्न केला, तिसऱ्या दिवशी पोट गच्च, बद्धकोष्ठता, आणि "जाऊ दे, आपल्याला जमणारं नाय" म्हणून सगळंच बंद.

मी आहारतज्ज्ञ आहे, आणि हा घोळ मी दर आठवड्याला बघते. म्हणून तिच्याच आकड्यांवरून सगळी पद्धत लिहिते. ताई ४२ वर्षांची, उंची १५८ सेंमी, वजन ९८ किलो, किडनीचा त्रास नाही. तुम्ही तुमचे आकडे टाकून सोबत करत चला.

आधी घोळ नेमका कुठे होतो ते बघू, कारण ते कळलं की बाकीचं निव्वळ गणित आहे. किलोमागे १.६, २, २.२ ग्रॅम हे जे आकडे सगळीकडे फिरतात ते मुळात सडपातळ, व्यायाम करणाऱ्या लोकांसाठी आहेत. त्यांच्या वजनात चरबी कमी, म्हणजे त्यांचं एकूण वजन आणि चरबी सोडून उरलेलं वजन यात फार अंतर नसतं, त्यामुळे त्यांना एकूण वजन धरलं तरी चालून जातं. लठ्ठपणात तसं नाही. ताईच्या ९८ किलोतले जवळपास निम्मे चरबी आहेत, आणि चरबीला प्रोटीन लागतं ते अगदी थोडं. रोज मोडून पुन्हा बांधलं जातं ते स्नायू, यकृत, आतडं, रक्त यांत. या सगळ्याला, म्हणजे चरबी वजा केल्यावर जे उरतं त्याला, लीन मास म्हणतात. लीन मास म्हणजे फक्त स्नायू नव्हेत हं, त्यात हाडं, अवयव आणि भरपूर पाणी पण येतं. हे पाणी पुढे आपल्याला त्रास देणार आहे, लक्षात ठेवा.

आता उलटी चूक. काही जण हे वाचतात आणि सरकारी शिफारस उचलतात. आयसीएमआर-एनआयएनच्या २०२० च्या तक्त्यात मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, ती लीन मासला गुणतात. ताईचं झालं असतं ४१ ग्रॅम. वजन कमी करताना ४१ ग्रॅमवर राहिली असती तर चरबीसोबत स्नायू पण उतरले असते. ते ०.८३ एकूण वजनासाठी आहे आणि ते सुद्धा निरोगी, साधारण वजनाच्या माणसाची रोजची गरज भागावी म्हणून. थोडक्यात काय, गुणक आणि वजन एकाच घरातले पाहिजेत. एकूण वजनाचा गुणक लीन मासला लावला की आकडा फार खाली पडतो आणि सडपातळ माणसाचा गुणक जाड माणसाच्या एकूण वजनाला लावला की आभाळाला जातो. मी बघितलेल्या दहातल्या आठ चुका या दोनपैकीच एक असतात.

पायरी १: उंची आणि वजन नीट घ्या

हसू नका, इथेच गडबड होते. वजन सकाळी, पोट साफ झाल्यावर, चहा घेण्याआधी, हलक्या कपड्यात. उंची भिंतीला टाच, पाठ लावून, चप्पल काढून, डोक्यावर पुस्तक आडवं ठेवून पेन्सिलीची खूण, मग टेपनं मोजायची. आधार कार्ड काढताना किंवा लग्नाच्या बायोडेटात लिहिलेली उंची वापरू नका, बायोडेटातली तर अजिबातच नको. ताईच्या मोबाईलमधल्या अ‍ॅपमध्ये उंची १६८ पडली होती, बोट घसरून ५ च्या जागी ६. त्या एका आकड्यानं तिचं लीन मास फॉर्म्युल्यात तीन किलोंनी वाढत होतं.

पायरी २: लीन मास काढा

यासाठी चार-पाच फॉर्म्युले आहेत, आणि सगळे लठ्ठ माणसाला चालत नाहीत. ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये अजूनही जेम्सचा फॉर्म्युला सापडतो, तो टाळा. का टाळायचा ते बघा. ताईच्या उंचीला तो ९० किलोपर्यंत ठीक वाढतो आणि ४८ वर पोचतो, त्यानंतर वजन वाढलं की तो लीन मास कमी दाखवायला लागतो. १५८ सेंमीची बाई १२० किलोची असेल तर तो म्हणतो ४३ किलो, १४० किलोची असेल तर ३४ च्या आसपास. म्हणजे वजन वाढलं म्हणून हाडं-स्नायू-अवयव वितळले. असं होत नसतं, गणिताची वक्ररेषा तिथे खाली वळते एवढंच.

मी जो वापरते तो २००५ मध्ये जन्महासातियन आणि सहकाऱ्यांनी काढलेला, मुळात लठ्ठ पेशंटला औषधाचा डोस किती द्यायचा यासाठी. म्हणून तो जास्त वजनाला पण भरकटत नाही. हातानं करत बसू नका, गूगल शीट उघडा, `B1` मध्ये किलोत वजन, `B2` मध्ये सेंटीमीटरमध्ये उंची टाका, आणि खालची ओळ जशीच्या तशी चिकटवा. पहिली बायकांसाठी, दुसरी पुरुषांसाठी.

```
=9270*B1/(8780+244*(B1/(B2/100)^2))
=9270*B1/(6680+216*(B1/(B2/100)^2))
```

ताईचं उत्तर आलं ४९.५ किलो. म्हणजे चरबी जवळपास ४८.५ किलो, निम्मी. तिला हे ऐकून जरा लागलं, पण बीएमआय ३९ असलेल्या बाईमध्ये हे काही जगावेगळं नाही.

आता आपल्याकडची एक गोष्ट इथे सांगायलाच पाहिजे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिनांची चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. सारख्याच बीएमआयला आपल्या अंगात चरबी जास्त, स्नायू कमी. आणि वरचा फॉर्म्युला तर फक्त उंची-वजनच बघतो, तो आपल्यासारख्या लोकांवर बेतलेला नाही, त्यामुळे तो भारतीय माणसाला एखाद-दोन किलो जास्तच लीन मास देत असणार असं धरून मी चाललेय. ताईचे ४९.५ मी कधी ५० करत नाही, फार तर ४९ करते.

मग घरातला स्मार्ट काटा आणि डेक्सा?

घरातला काटा पायातून बारीक करंट सोडतो आणि पाण्यावरून अंदाज बांधतो. नुसते पाय ठेवायचे काटे असतील तर करंट मुख्यतः पायांतूनच फिरून येतो, पोटाकडे फारसा जात नाही, आणि आपली चरबी तर पोटावर. ताईच्या काट्यानं सकाळी ३८ टक्के चरबी सांगितली, त्याच दिवशी संध्याकाळी ३५. दिवसभरात तीन किलो चरबी कुठे गेली? कुठेच नाही, पाणी प्यायली, जेवली, पाय गरम होते. ३८ धरलं असतं तर लीन मास ६१ किलो आलं असतं, फॉर्म्युल्यापेक्षा ११ किलो जास्त. म्हणून माझा नियम असा, काटा आणि फॉर्म्युला यांच्यात तीन-चार किलोंपेक्षा जास्त फरक आला तर आधी अ‍ॅपमधली उंची, वय, स्त्री-पुरुष आणि तो 'अ‍ॅथलीट मोड' चालू तर नाही ना हे तपासा, तरी फरक राहिला तर फॉर्म्युला धरा.

डेक्सा, म्हणजे हलक्या एक्स-रेनं चरबी आणि लीन मास वेगवेगळं मोजणारा स्कॅन, हा यातला सगळ्यात भरवशाचा, पण नुसत्या प्रोटीनचा आकडा काढायला त्याची गरज नाही. शिवाय प्रत्येक मशीनच्या टेबलाला वजनाची मर्यादा असते, वजन फार जास्त असेल तर अपॉइंटमेंट घेण्याआधीच फोनवर विचारून घ्या, तिथे जाऊन परत यायला लागलं की माणसाला फार ओशाळं होतं.

आणि ते पाण्याचं. पायाला सूज असेल, बोट दाबलं की खड्डा राहत असेल, पोटात पाणी झालं असेल, तर ते पाणी काट्यातही आणि फॉर्म्युल्यातही लीनमध्ये मोजलं जातं. अशा वेळी ही पद्धत वापरूच नका, डॉक्टरकडे जा, सूज का आली ते आधी बघायचं.

पायरी ३: गुणक निवडा

लीन मासच्या किलोमागे, वजन कमी करत असाल तर १.६ ते २ ग्रॅम. या मर्यादेत कुठे बसायचं ते तीन गोष्टींवरून ठरवते. व्यायामात वजनं उचलता का, वय साठच्या पुढे आहे का, आणि कॅलरी किती कापल्यात. वजनं उचलताय किंवा वय जास्त आहे किंवा खाणं बरंच कमी केलंय, तर २ कडे. फक्त चालणं आणि हलकी काटछाट, तर १.६ ते १.७. वजन कमीच करायचं नाहीये, सध्या आहे ते टिकवायचंय, तर १.५ पण पुरतं.

ताई आठवड्यातून तीनदा जिमला जात होती, तर मी १.८ धरलं. ४९ गुणिले १.८ म्हणजे ८८, मी सरळ ९० ग्रॅम सांगितलं. १९६ च्या निम्म्याहून कमी. तिचा पहिला प्रश्न होता, "एवढंच?"

पुरुषांचं उदाहरण पटकन देते. १७२ सेंमी, ११८ किलो, लीन मास येतं ७१.५, गुणिले १.८ म्हणजे साधारण १२५ ते १३०. एकूण वजनाला दोननं गुणलं असतं तर २३६.

पायरी ४: दुसऱ्या वाटेनं जाऊन बघा

एकाच फॉर्म्युल्यावर विसंबू नये, म्हणून मी नेहमी एक उलटतपासणी करते. दवाखान्यात वापरतात तो समायोजित वजनाचा हिशोब घ्या. उंचीवरून आदर्श वजन काढायचं, बायकांसाठी पाच फुटाला ४५.५ किलो आणि वरच्या प्रत्येक इंचाला २.३, पुरुषांसाठी ५० पासून सुरुवात. ताईची उंची पाच फूट सव्वादोन इंच, आदर्श वजन ५०.५. जास्तीचं वजन साडेसत्तेचाळीस किलो, त्याचा चौथा भाग १२. दोन्हींची बेरीज ६२.५. तो चौथा भाग का घ्यायचा? कारण माणूस जाड होतो तेव्हा फक्त चरबीच वाढत नाही, तिला वाहून न्यायला स्नायू, हाडं, रक्त पण थोडं वाढतं. म्हणूनच नुसतं आदर्श वजन धरलं की आकडा कमी पडतो.

या वजनाचा गुणक वेगळा, १.२ ते १.५. ताईसाठी ७५ ते ९४ ग्रॅम आले, आणि आपले ९० त्यात बसतात. दोन वेगळ्या वाटा एकाच गावाला पोचल्या. तुमचे दोन आकडे २५-३० ग्रॅमनं लांब आले तर कुठेतरी चुकलंय, बहुतेक उंचीतच.

शेवटची तपासणी कॅलरीची. ९० ग्रॅम म्हणजे ३६० कॅलरी. ताईला दिवसाला १६५० ठरवल्या होत्या, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्त. १९६ ग्रॅमच्या ७८४ झाल्या असत्या, जवळपास निम्म्या, आणि आपल्या स्वयंपाकघरात प्रोटीन कधी एकटं येत नाही, डाळीसोबत कार्बोहायड्रेट, पनीरसोबत चरबी येतेच. भाजी-भाकरीला जागाच उरली नसती.

पायरी ५: ताटात उतरवा

ताई सोमवार, गुरुवार, शनिवार अंडं-मासे खात नाही, त्यामुळे शाकाहारी दिवसाचा हिशोब आधी लावला, तो जमला की बाकी दिवस सोपे. सकाळी ६० ग्रॅम मूगडाळीची धिरडी आणि वाटीभर दही, १९ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, ताक, मिळून १८. चारला फुटाणे मूठभर आणि चहा, ७. रात्री ४० ग्रॅम सोया चंक्सची भाजी, एक ज्वारीची भाकरी, वरण, ३०. बेरीज ७४. उरलेले १५-१६ दुपारच्या ताटात ८०-९० ग्रॅम पनीर घालून भरले, कंटाळा आला की त्याऐवजी एक स्कूप व्हे प्रोटीन पावडर, डब्यावर साधारण २४ ग्रॅम लिहिलेलं असतं. ज्या दिवशी चिकन चालतं त्या दिवशी दीडशे ग्रॅम कच्चं, बिनहाडाचं चिकन एकट्यानंच ३३ ग्रॅम देतं, मग सोया आणि पनीर दोन्ही काढून टाकता येतात.

पहिल्या आठवड्यात तिची वही बघितली तर रोज १२० ग्रॅम लिहिलेलं. मला संशय आला, म्हणून रविवारी तिच्याकडे गेले आणि ओट्यावर काटा ठेवला. तिनं चंक्स गरम पाण्यात भिजवले, पिळले, आणि मग वाटी काट्यावर ठेवली, १०५ ग्रॅम. अ‍ॅपमध्ये सोया चंक्स १०५ ग्रॅम टाकले, अ‍ॅपनं कोरड्याचा दर लावून ५४ ग्रॅम प्रोटीन दिलं. पण पाकिटातून निघाले होते ते फक्त ४० ग्रॅम, म्हणजे प्रोटीन २० च. बाकीचं पाणी. मोड आलेल्या मटकीचं, शिजलेल्या डाळीचं पण हेच होतं. डाळ-कडधान्य-सोया नेहमी कोरडं मोजा, पूर्ण घरासाठी शिजवत असाल तर कोरडं किती घातलं ते लिहा आणि तुमच्या वाट्याला कितवा हिस्सा आला तो धरा. पातळ वरणाच्या वाटीत कधीकधी तीन-चार ग्रॅमच असतात, "मी रोज डाळ खाते" यावर विसंबू नका.

आणि प्रोटीन तीन-चार वेळांत वाटून घ्या. पूर्ण दिवस पोहे-उपमा-भात आणि रात्री एकदम ६० ग्रॅम, असं केलं की पोट जड होतं आणि दुपारी चारला बिस्किटाचा डबा उघडतोच.

आकडा परत कधी काढायचा

चार महिन्यांत ताई ८८ किलोवर आली. तिनं लगेच शीटमध्ये नवं वजन टाकलं, लीन मास ४७ आलं, आणि घाबरली की अडीच किलो स्नायू गेले. तसं नाही. फॉर्म्युल्याला तुमचे स्नायू दिसत नाहीत, वजन उतरलं की तो थोडं लीन पण उतरवतोच. प्रोटीनचा आकडा बदलला असता तो फक्त चार-पाच ग्रॅमनं. म्हणून दर महिन्याला हिशोब करू नका, सुरुवातीचा आकडाच वजन बारा-पंधरा किलो उतरेपर्यंत ठेवा. वजन उतरताना प्रोटीन थोडं वर असलेलं चालतं, खाली गेलेलं नाही.

स्नायू टिकतायत का हे बघायला माझी जुनी पद्धत आहे. हात छातीवर घडी घालून खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा उठ-बस होते ते दर महिन्याला मोजायचं. ताईचं ९ वरून १४ झालं. वजन उतरतंय पण हा आकडा घसरतोय, जिना चढताना मांड्या थरथरतायत, जिममधली वजनं कमी करावी लागतायत, तर एकतर प्रोटीन कमी पडतंय किंवा वजन फार वेगानं उतरतंय. आठवड्याला वजनाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त उतरत असेल तर आधी खाणं थोडं वाढवा.

भूक कमी करणारी आठवड्याची इंजेक्शनं घेणाऱ्यांना उलटी अडचण येते, खायलाच होत नाही. त्यांना २०० ग्रॅम सांगणं म्हणजे चेष्टा आहे, पण ८०-९० ग्रॅम जमतात, फक्त ताटात प्रोटीन आधी खायचं, भात शेवटी.

कुणी हे स्वतःहून करू नये

सुरू करण्याआधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या, खासकरून डायबेटिस किंवा बीपी असेल तर. लठ्ठपणासोबत हे दोन्ही असतातच बऱ्याचदा, आणि किडनी कमजोर झालेली माणसाला फार उशिरा कळते. किडनीचा आजार असेल तर प्रोटीनचा आकडा किडनीचे डॉक्टर देणार, हा लेख नाही. डायलिसिसवर असाल तर गरज परत वेगळी. लिव्हर सिरॉसिस, गरोदरपण, अठराच्या आतली मुलं, यांनाही वरचं गणित लावू नका. बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी झाली असेल तर सर्जनच्या टीमनं दिलेला आकडा चालवा, पहिले काही महिने पोटात मावतंच इतकं कमी की तिथे टप्प्याटप्प्यानं जावं लागतं.

ताईचं परवा व्हॉट्सअ‍ॅप आलं, त्याच जिमच्या पोरानं आता त्याच्या काकांसाठी ती शीट मागितलीये. मी पाठवली, फक्त `B2` च्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून दिलं, उंची भिंतीला लावून मोजलेलीच टाक.